शुभंकरोती: अर्थ काय, बरोबर पाठ कुठला आणि मुलांना शिकवायचं कसं

प्रश्न: आम्ही बंगळुरूला असतो. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा नऊचा. दोघांना शुभंकरोती शिकवायचंय, पण माझी आई एक म्हणते, सासूबाई वेगळं म्हणतात आणि यूट्यूबवर तिसरंच आहे. बरोबर कुठलं? मुलगा विचारतो की शत्रूचा नाश कशाला मागायचा, आपले शत्रू कोण? त्याला काय सांगू? आणि ऑफिसमुळे घरी यायला साडेसात होतात, तेव्हा म्हटलं तर चालतं का?

मी बरीच वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि आता घरी संध्याकाळी लहान मुलांचा पाठांतराचा वर्ग घेते, पाच ते दहा वयाची मुलं असतात, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्याकडे दर जूनमध्ये येतातच. आई आणि सासूबाई यांचं जुळत नाही याचं कारण कोणीतरी चुकतंय हे नाहीये. आपण ज्याला एका नावानं शुभंकरोती म्हणतो ती मुळात दोन वेगळ्या गोष्टींची जोडणी आहे, आधी संस्कृत श्लोक आणि त्याला लागून मराठी गाणं. श्लोक बऱ्यापैकी सगळीकडे सारखा आहे, गाणं मात्र घराघरात वेगळं. तुमच्या दोन घरांत फरक आहे तो नव्वद टक्के गाण्यातच असणार, एकदा दोघींना फोनवर म्हणायला लावून बघा.

आधी श्लोक बघू.

शुभं करोति कल्याणम् आरोग्यं धनसंपदा ।
शत्रुबुद्धिविनाशाय दीपज्योतिर्नमोऽस्तु ते ॥
दीपज्योतिः परब्रह्म दीपज्योतिर्जनार्दनः ।
दीपो हरतु मे पापं संध्यादीप नमोऽस्तु ते ॥

यातही थोडं इकडेतिकडे होतं, कोणी परब्रह्म म्हणतं कोणी परं ब्रह्म, कोणी शेवटी संध्यादीप म्हणतं तर कोणी पुन्हा दीपज्योतिर्नमोऽस्तु ते. अर्थ बदलत नाही आणि अक्षरंही बदलत नाहीत, प्रत्येक चरणात आठच राहतात, म्हणून यावर वाद घालू नका. काही जण विचारतात की धनसंपदा हे व्याकरणात बसतं का. काटेकोर बघायचं तर करोति या क्रियापदाला कर्म हवं, म्हणजे धनसंपदम् किंवा धनसंपदाम् असं काहीतरी यायला पाहिजे. पण पिढ्यान् पिढ्या तोंडात धनसंपदाच आहे आणि मीही तसंच शिकवते, कारण मूल उद्या आजीसमोर म्हणेल तेव्हा आजीच्या तोंडचं आणि त्याच्या तोंडचं एक असलं पाहिजे.

आता गाणं. माझ्या माहेरी असं होतं:

दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीहार, दिव्याला देखून नमस्कार.
तिळाचे तेल, कापसाची वात, दिवा जळो मध्यान्हरात.
दिवा लावला देवापाशी, उजेड पडला तुळशीपाशी, माझा नमस्कार सर्व देवांपाशी.

सासरी आले तर मध्यान्हरातच्या जागी सारी रात, तुळशीपाशीच्या जागी विष्णूपाशी, आणि पुढे आणखी एक तुकडा, घरातली इडापिडा बाहेर जावो, बाहेरची लक्ष्मी घरात येवो, घरच्या धन्याला उदंड आयुष्य लाभो. काही घरांत हा शेवटचा तुकडा नसतोच. हे गाणं कानावरून तोंडात आणि तोंडातून कानात असंच आलंय, ओवीसारखं, त्यामुळे त्याचा एकच अधिकृत पाठ शोधत बसण्यात अर्थ नाही. मी पालकांना सांगते की तुमच्या घरात संध्याकाळी मुलाबरोबर जो माणूस प्रत्यक्ष म्हणणार आहे त्याचा पाठ घ्या. तुम्ही म्हणणार असाल तर तुमच्या आईचा, बाबा म्हणणार असतील तर सासूबाईंचा. दोन्हीची खिचडी करून तिसरा पाठ मात्र बनवू नका, कारण मग मूल आजोळी गेलं की अडखळतं आणि आजीकडे गेलं की तिथेही अडखळतं. एक पक्का झाला की दुसरा आठवड्यात येतो, आणि मुलांना त्यात मजा वाटते, या आजीकडे सारी रात आणि त्या आजीकडे मध्यान्हरात. मध्यान्ह म्हणजे खरं तर भर दुपार, पण गाण्यात ते मध्यरात्र याच अर्थानं आलंय. नऊ वर्षांचा मुलगा हे पकडेल, तेव्हा बोलीत असं होतं एवढं सांगा आणि पुढे जा.

आता मुलाचा प्रश्न, कारण तो फार चांगला आहे आणि बहुतेक घरांत त्याला "असं विचारू नये" म्हणून गप्प करतात. पहिल्या श्लोकाचा सरळ अर्थ असा की जी ज्योत शुभ करते, कल्याण करते, आरोग्य आणि संपत्ती देते, त्या हे दीपज्योती तुला, शत्रुबुद्धीच्या विनाशासाठी, नमस्कार असो. इथे आधी मुलाला एक गोष्ट दाखवा, की श्लोकात शत्रूचा विनाश म्हटलेलंच नाही, शत्रुबुद्धीचा म्हटलंय. माणूस नष्ट होऊ दे असं नाही, बुद्धी नष्ट होऊ दे असं.

मग ही शत्रुबुद्धी कोणाची? हा समास दोन तऱ्हेनं सोडवता येतो. एक म्हणजे शत्रूची बुद्धी, आपलं वाईट करायचा कोणाचातरी विचार. दुसरी तऱ्हा म्हणजे "हा माझा शत्रू" अशी बुद्धी, आणि ती माझ्याच डोक्यात असते. संस्कृतात बुद्धी शब्द असा वापरायची पद्धत आहे, देहात आत्मबुद्धी म्हणजे देहालाच आत्मा समजणं, समबुद्धी म्हणजे सगळ्यांना सारखं मानणारी बुद्धी, तशी शत्रुबुद्धी म्हणजे समोरच्याला शत्रू समजणं. व्याकरणाला दोन्ही चालतात आणि मी दोन्ही सांगते, पण मुलांना शिकवताना दुसऱ्या अर्थावर थांबते. माझ्या वर्गात एका मुलानं सांगितलं होतं की बसमध्ये खिडकीची जागा दुसऱ्यानं घेतली की मला तो शत्रू वाटतो. मी म्हटलं बस्, हीच शत्रुबुद्धी, संध्याकाळी दिव्यासमोर ती घालवायची आहे, त्या मुलाला नाही. त्याला परत कधी अर्थ सांगावा लागला नाही. तुमच्या मुलाला त्याच्या दिवसातलं असं उदाहरण त्यालाच शोधायला सांगा, तुम्ही देऊ नका.

दुसऱ्या श्लोकात ज्योतीलाच परब्रह्म म्हटलंय, जनार्दन म्हणजे विष्णू म्हटलंय, आणि मग दीपो हरतु मे पापं, दिवा माझं पाप दूर करो. साडेपाचच्या मुलीला परब्रह्म समजावत बसू नका, "हा दिवा म्हणजेच देव" एवढं तिला पुरतं. नऊच्या मुलाला मात्र मी इथे एक गंमत दाखवते. हरतु म्हणजे हरो, अस्तु म्हणजे असो. मराठी गाण्यात बघा, दिवा जळो, इडापिडा जावो, लक्ष्मी येवो. संस्कृतात मागणं मागताना शेवटी तु येतो, मराठीत ओ येतो, एकाच संध्याकाळी दोन्ही भाषांत आपण तेच करतोय, मागतोय. मुलाला हे कळलं की श्लोक परका राहत नाही, आणि शाळेत पुढे संस्कृतात लोट् लकार, म्हणजे आज्ञार्थ, येतो तेव्हा त्याला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं होतं.

गाण्याचा अर्थ तुम्हाला वाटतं तेवढा आपोआप कळत नाही हं मुलांना. "दिव्या दिव्या" म्हणजे दिव्या नावाची मुलगी असं समजणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन तरी असतात. घोडा, अरे घोड्या, तसा दिवा, अरे दिव्या. आपण दिव्याला हाक मारतोय, हे एकदा सांगितलं की मुलांचा चेहराच बदलतो आणि ती खरंच दिव्याकडे बघून म्हणायला लागतात. कानात कुंडलं आणि गळ्यात मोत्याचा हार हे दिव्याचे दागिने. जुन्या घरांत पितळेची दीपलक्ष्मी असायची, हातात दिवा धरलेली बाई, तिच्या कानात कुंडलं दिसायची. तुमच्याकडे ती नसेल तर निरांजनाभोवती जो उजेडाचा गोल दिसतो तो दाखवा, डोळे थोडे मिटून बघायला सांगा, ज्योतीला किरणांचे लोलक फुटलेले दिसतात, मुलांना ती कुंडलं पटतात. दीपत्कार शब्दाचा अर्थ विचारलाच तर लखलखाट, उजेडाचा झगमगाट असा सांगते.

आता शिकवण्याकडे येते. बहुतेक पालक कागद घेतात, पहिली ओळ म्हणतात, मूल मागून म्हणतं, दहा वेळा झाली की दुसरी ओळ. यात काय होतं की "शुभं करोति कल्याणम्" झकास येतं कारण ते शंभरदा झालेलं असतं, आणि पुढे पुढे मूल पुटपुटायला लागतं, शत्रुबुद्धीपाशी गाडी अडते आणि शेवटचं तर नुसतं ओठ हलवणं. ज्या मुलाची सुरुवात जोरात आणि शेवट हळू, त्याला असं शिकवलंय हे मी ऐकूनच ओळखते. मी उलटं करते, शेपटाकडून. मोठी माणसं रोज पूर्ण म्हणतात आणि मुलानं फक्त शेवटचा तुकडा म्हणायचा. त्यामुळे मूल अवघडातून सोप्याकडे, अनोळखीतून ओळखीच्याकडे जातं, आणि संपतं तेव्हा त्याचा आवाज सगळ्यात मोठा असतो.

एक उदाहरण नीट सांगते. माझ्याकडे साडेपाच वर्षांची एक मुलगी आली, घरी मराठी पण शाळा आणि शेजार सगळा हिंदी-इंग्रजी, तुमच्या मुलीसारखीच. आईनं यूट्यूबवरून शिकवलं होतं आणि तिला ट्यूनवर पूर्ण "यायचं". मी म्हटलं ट्यून सोडून नुसतं म्हण, तर दुसऱ्याच शब्दाला थांबली. नुसतं म्हणता न येणं ही खूण आहे की मुलाला चाल पाठ आहे, शब्द नाहीत. शत्रुबुद्धीचं ती "छत्रीबुद्धी" म्हणत होती आणि ट्यूनमध्ये ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पहिला आठवडा मी तिला जवळजवळ काहीच म्हणायला लावलं नाही. ती यायची, कापूस घ्यायची, बोटांना दुधाचा थेंब लावून वात वळायची, वाकडीतिकडी का होईना. निरांजनात दोन चमचे तेल घालायची. काडी मी ओढायची, ती हात जोडून उभी राहायची, बाकीची मुलं म्हणायची. तिचं काम एकच, अगदी शेवटी "माझा नमस्कार सर्व देवांपाशी" आलं की त्यात सामील व्हायचं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून "उजेड पडला तुळशीपाशी" पकडलं कारण ते लगेच आधीचं होतं आणि माझी तुळस तिथेच गॅलरीत दिसत होती.

दुसऱ्या आठवड्यात गाणं पूर्ण झालं. "तिळाचे तेल, कापसाची वात" यायला एक दिवसही लागला नाही, कारण दोन्ही तिनं हातानं केलेलं होतं, आम्ही खरंच तिळाचं तेल घेतलं आणि वास घ्यायला दिला. तुमच्याकडे रोज दुसरं तेल वापरत असाल तर वापरा, शिकवण्यापुरती तिळाच्या तेलाची छोटी बाटली आणा. अडलं ते "जळो" वर. हिंदीच्या सवयीनं ती ज्योतीतला ज म्हणायची आणि ळ चा ल करायची. मराठीत ज दोन, ज्योतीतला, जीभ टाळूला लागते तो, आणि जळो, जग, जागा यातला, जीभ दातांमागे लागते तो. मी तिला शब्द फोडून दिला नाही, "जाळी, जागा, जळो" असं रोजच्या शब्दांबरोबर म्हणायला लावलं. ळ साठी "बाळ, फळ, माळ, जळो". बंगळुरूत तुम्हाला यात एक फायदा आहे, कानडीत ळ आहे, मुलीच्या कानावर तो रोज पडत असणार.

तिसऱ्या आठवड्यात संस्कृत, तेही मागून. आधी फक्त "नमोऽस्तु ते", दोन्ही श्लोकांच्या शेवटी येतं, म्हणजे एक तुकडा शिकला की दोन ठिकाणी सामील होता येतं. मग "संध्यादीप नमोऽस्तु ते", मग "दीपो हरतु मे पापं", असं मागे मागे. एका दिवशी एकच चरण, आणि नवा चरण आला की तिथपासून शेवटपर्यंत एकदा. शत्रुबुद्धीचा चरण यायच्या आदल्या दिवशी मी तिला त्याची गोष्ट सांगितली होती, त्यामुळे शब्द आला तेव्हा तिला तो माहीत होता, छत्री आपोआप गेली. सबंध शुभंकरोती यायला तिला साधारण 4 आठवडे लागले, मधे दोन दिवस ताप आला होता तो धरून. काही मुलांना दोन आठवडे लागतात, काहींना दोन महिने, घरात रोज म्हणणारं माणूस आहे का नाही यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, मुलाच्या हुशारीवर त्या मानानं कमी.

उच्चाराचं थोडं सांगते कारण पालक यात एकतर फार कडक होतात नाहीतर काहीच बघत नाहीत. शुभंकरोति म्हणताना अनुस्वार क च्या आधी ङ् सारखा होतो, आरोग्यं धन मध्ये न् सारखा, संपदा मध्ये म् सारखा. हे तुम्ही शिकवू नका, तुम्ही सहज म्हणा, मूल कानानं बरोबर घेतं, लिहिलेलं वाचून म्हणायला लावलं तरच बिघडतं. म्हणूनच पाचच्या मुलाला कागद दाखवायचाच नाही असा माझा नियम आहे. दुसरं म्हणजे दीपज्योतिर्नमोऽस्तु ते मधला र्. तो खाल्ला जातो, सगळेच "दीपज्योती नमोस्तुते" म्हणतात. मूळ शब्द दीपज्योतिः आहे, पुढे न आला म्हणून विसर्गाचा र् झाला. लहान मुलीला हे सोडून द्या. मुलाला सांगा, नऊव्या वर्षी मुलांना असा नियम कळला की ती घरभर सगळ्यांना सांगत फिरतात, आणि चरण नीट पाठ होतो.

मुलासाठी आणखी एक. त्याला बोटांवर अक्षरं मोजायला लावा. शु, भं, क, रो, ति, क, ल्या, णम्, आठ. आ, रो, ग्यं, ध, न, सं, प, दा, आठ. जोडाक्षर एकच धरायचं आणि शेवटचा पाय मोडलेला म् मागच्याला चिकटवायचा. चारही चरण आठ आठ, याला अनुष्टुभ् म्हणतात, गीतेतले बहुतेक श्लोक आणि रामरक्षेचा बराच भाग याच मापाचा आहे. याचा उपयोग पाठांतरात थेट होतो. मुलगा एखादं अक्षर खाऊन पुढे गेला तर त्याला तुम्ही चूक दाखवायची गरज नाही, "मोज" म्हणायचं, सात निघतात, मग तो स्वतः शोधतो काय राहिलं. माझ्याकडे मोठी मुलं लहानांच्या चुका अशाच पकडतात, टोमणा न मारता, कारण बोट सांगतं सात, माणूस सांगत नाही. फक्त मराठी गाण्याला हे माप लावू नका, ते गाणं ठेक्यावर चालतं, अक्षरांवर नाही, तिथे टाळी धरा.

मधेच अडवून दुरुस्त करू नका ही एक विनंती. दिवा लागलाय, मूल हात जोडून म्हणतंय आणि आपण "ज्योति म्हण, जोती नको" करतो, तिथे सगळं तुटतं. जे चुकलं ते लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तो शब्द जरा स्पष्ट म्हणा, बरोबर त्या वेळी मुलाकडे बघून. दोन-तीन दिवसांत सुधारतं. सुधारलं नाही तर दिव्याच्या वेळेबाहेर, जेवताना वगैरे, खेळ म्हणून घ्या. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" हेही पहिले दोन महिने टाळा, अर्धवट पाठ असताना लोकांसमोर अडखळलं की ते मूल पुढे घरीही म्हणायला लाजतं, हे मी एकदा नाही पुष्कळदा पाहिलंय. आणि भीती घालू नका, "म्हटलं नाहीस तर लक्ष्मी येणार नाही" हे तर नकोच, कारण ज्या दिवशी खरंच राहतं त्या रात्री मूल झोपत नाही.

पाठ झालंय का हे तपासायची माझी पद्धत म्हणजे मधूनच एक चरण मी म्हणते आणि थांबते. "दीपो हरतु मे पापं..." आणि मुलानं पुढचं द्यायचं. सुरुवातीपासून म्हटल्याशिवाय मधलं येत नसेल तर अजून कच्चं आहे, आणखी आठवडा बरोबरीनं म्हणा.

काडी आणि ज्योत याबाबत स्पष्ट सांगते. सात-आठ वर्षांपर्यंत काडी मोठ्यांनीच ओढायची. मुलीला वात, तेल, फुलं, तुळशीपाशी पणती ठेवायला जाताना सोबत चालणं, एवढं द्या. नायलॉनचा फ्रॉक, ओढणी, मोकळे केस दिव्याजवळ नको, सुती कपडे असू देत. दिवा पाटावर जमिनीलगत ठेवत असाल तर मूल नमस्काराला वाकतं तेव्हा केस पुढे येतात, म्हणून लहान मूल असेल तोवर दिवा त्याच्या छातीच्या उंचीला, स्थिर जागी ठेवा. दिवा "विझव" म्हणू नये असं जुनी माणसं सांगायची, शांत कर म्हणायची, मुलांना हा शब्द आवडतो, तोही शिकवा.

राहिला वेळेचा प्रश्न. दिवेलागणीची वेळ म्हणजे तिन्हीसांजा, सूर्य मावळून अंधार पडायच्या मधली. आता ही वेळ घड्याळावर रोज सरकते, मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात होऊन जातात. परदेशात तर विचारूच नका, लंडनला जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, तोवर पाच वर्षांचं मूल झोपलेलं असतं, आणि डिसेंबरात चारच्या आतच मावळतो, तेव्हा ते शाळेतून यायचं असतं. तिथली मराठी कुटुंबं जेवायच्या आधीची एक ठरलेली वेळ धरतात, आणि मला ते योग्य वाटतं. तुमच्या घरी दिवा साडेसातला लागत असेल तर तुमची दिवेलागण साडेसातला. मात्र दिवा नीट लागलेला असला पाहिजे, आणि तुम्ही तिघं किंवा चौघं समोर उभे असला पाहिजेत. गाडीतून येताना म्हणून घेतलं, असं करू नका, कारण "दिव्याला देखून नमस्कार" म्हणताना देखायला दिवाच नसतो.

सुट्टीच्या दिवशी मात्र एकदा खऱ्या तिन्हीसांजेला लावा. घरातले विजेचे दिवे बंद ठेवा, अंधार येऊ द्या, मग वात पेटवा. मुलं रोज ट्यूबलाइटच्या उजेडात दिवा बघतात, त्यात ज्योत दिसतच नाही, मग "उजेड पडला तुळशीपाशी" खोटं वाटतं. आषाढातली दीप अमावास्या यासाठी फार चांगली, त्या दिवशी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं, पणत्या घासूनपुसून मांडतात, कणकेचे दिवे करतात, मुलांना ओवाळतात. चिंच किंवा लिंबू लावून समई घासायचं काम मुलाला द्या.

आमच्याकडे शुभंकरोतीनंतर लगेच परवचा असायचा, पाढे, पावकी, निमकी, वार, महिने, नक्षत्रं, आणि मग भीमरूपी. तुम्ही पहिल्या महिन्यात काहीही जोडू नका. दिवा, शुभंकरोती, मोठ्यांना नमस्कार, संपलं, तीन मिनिटं. मुलगी स्वतःहून "अजून एक म्हणूया" म्हणायला लागली की पाढे घ्या, दोनाचा घ्या. आणि आईला आणि सासूबाईंना आठवड्यातून एकेक संध्याकाळ त्याच वेळेला व्हिडिओ कॉल लावून द्या, फोन दिव्याशेजारी ठेवा, त्यांना त्यांच्या पद्धतीनं म्हणू द्या. फोनवर आवाज मागेपुढे होतो, त्यामुळे एकत्र म्हणायचा हट्ट धरू नका, आधी आजी, मग मुलं.